रोख म्हणजे रोख

घाटकोपरच्या शीतलला कॉलेजात सगळे ‘खजिनदारीणबाई’ म्हणत. नाव चिडवायला पडलं होतं, पण तिला ते मनापासून आवडायचं. मुलुंडच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्यांदाच हॅकेथॉन, म्हणजे सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा, होणार होती: सत्तर मुलं, एक दिवस, एक रात्र, आणि सकाळी जे काही बनेल ते. खर्चाचा सगळा कारभार तिच्याकडे. बक्षिसं ऐंशी हजार, सभागृहाचं भाडं आणि वीज तीस, मुलांना वाट दाखवायला येणाऱ्या मेंटरांचं मानधन तीस, जेवणखाण पस्तीस. कॉलेज पंचवीस हजार देणार होतं. उरलेले दीड लाख तिच्या वर्गातल्या चैतन्यने अंधेरीच्या एका कंपनीकडून मिळवले होते, आणि तेव्हापासून तो जमिनीवर चालत नव्हता.

पोस्टर झळकलं, ‘ऐंशी हजार रोख!’ त्यानंतर शीतलने कंपनीला पैशांसाठी बिल पाठवायला घेतलं, आणि त्यांचं पत्र पहिल्यांदाच नीट वाचलं. दीड लाख बरोबर होते, पण त्यातले नव्वद हजारच पैसे होते. उरलेले साठ हजार म्हणजे कंपनीचे सर्व्हर फुकट वापरण्याची कूपनं.

“चैतन्य, वाट लागली रे आपली! कूपनं पैशात मोजलीस तू!”

“अगं, किंमत लिहिलीये ना त्यावर?” चैतन्यचा चेहरा उतरला. पण हा गडी फार वेळ उदास राहणाऱ्यातला नव्हे. “एक आयडिया. पोस्टरवर ‘रोख’ काढून ‘ऐंशी हजारांची बक्षिसं’ टाकू. विजेत्यांना कूपनं देऊ. सगळे असंच करतात, यार.”

“मी नाही करणार.”

हे ती इतक्या ताडकन बोलली की चैतन्य दचकलाच. त्याला काय ठाऊक! गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजच्या अशाच स्पर्धेत शीतल पंचवीस हजारांचं बक्षीस जिंकली होती. पप्पांनी, अंबादासरावांनी, अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. आता नवा लॅपटॉप येणार म्हणून सांगत सुटले होते. पण बक्षिसाच्या पाकिटातून निघालं कूपन. घरी ते सांगायची तिची हिंमत झाली नाही. चार्जरला चिकटपट्टी गुंडाळून ती जुनाच लॅपटॉप ओढत राहिली. आता तोच खेळ तिने आपल्या हाताने दुसऱ्या पोरांशी खेळायचा? छे!

दुसऱ्या दिवशी दोघं मेट्रोने अंधेरीला गेली. कंपनीच्या रुचिरा मॅडमनी चहा पाजला आणि गोड हसून सांगितलं, “जाहिरातीच्या बजेटमध्ये रोख एवढीच आहे.”

शीतल उठणारच होती. तेवढ्यात मॅडमना फोन आला, आणि ठेवताना त्या वैतागून म्हणाल्या, “इंटर्न शोधून शोधून थकलो. बायोडेटा झकास, पण समोर बसवलं की काही येत नाही.”

शीतलच्या अंगात वीज संचारली. “मॅडम, मग सत्तर मुलांना रात्रभर काम करताना बघा ना! तुमचेच इंजिनीअर मेंटर म्हणून पाठवा. आम्ही मेंटरांना जे मानधन देणार होतो, ते वाचेल. ज्या मुलांची हरकत नसेल त्यांचे बायोडेटा देऊ. आणि तुम्ही भरतीवर खर्च करताच ना? त्या बजेटमधून फक्त जेवण द्या. बिल थेट केटररने तुमच्या नावावर करायचं.”

मॅडमनी लगेच भरती विभागाच्या साहेबांना बोलावून घेतलं. अर्ध्या तासात होकार! मानधनाचे तीस आणि जेवणाचे पस्तीस वाचले, साठचं भगदाड बुजलं, वर पाच हजार मेंटरांच्या रिक्षाभाड्याला उरले. खाली रस्त्यावर येताच चैतन्यने अशी आरोळी ठोकली की दोन रिक्षा थांबल्या.

आणि ती रात्र काय रंगली! पुलाव संपला, पुन्हा आला. कंपनीचे इंजिनीअर पोरांच्या शेजारी जमिनीवर बसून प्रोग्रामवरून भांडत होते. कूपनंही वाया गेली नाहीत, सगळ्या टीमना वापरायला वाटली. सकाळी पहिल्या वर्षाच्या सम्यकची टीम पहिली आली. पुठ्ठ्याचा मोठा चेक शीतलने मुद्दामच बनवला नव्हता. प्राचार्यांची सही आधीच घेतलेली. नाव पुकारताच अकाउंट्सवाल्यांनी पैसे पाठवले. स्टेजवरच सम्यकचा मोबाईल वाजला. पैसे जमा झाल्याचा मेसेज वाचून त्याने भाबडेपणाने विचारलं, “ताई, हे खरे आहेत ना?”

“खरे रे बाबा, खरे!” शीतलला हसू आणि रडू एकदमच आलं.

तिने बाजूला जाऊन घरी फोन लावला. “पप्पा, पेढे आणा. आज पोरांना रोख पैसे मिळाले.” आणि आवेगात गेल्या वर्षीचं कूपनही सांगून टाकलं.

पलीकडून अंबादासराव म्हणाले, “लॅपटॉप आला नाही, तेव्हाच कळलं होतं गं. पेढे मी तू जिंकलीस म्हणून वाटले होते.”