पाच पायऱ्या आणि पाच रिकाम्या गोण्या

न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडीच्या पायऱ्या ओतायच्या होत्या आणि मोजमापाच्या वहीत अभियंता म्हणून सही माझी लागणार होती. काम मामांकडं होतं. सख्खे नव्हेत, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी या मिस्त्रीनंच मला साइटवर उभं राहायला शिकवलं. कॉलेजात न कळलेलं गणित त्यांनी विटा रचून दाखवलेलं. "पायरी म्हंजी काय? लाद्यांची थप्पी! खालची सगळ्यात लांब, वरची सगळ्यात आखूड. एकेक मोज आन् बेरीज कर."

आराखड्यात पाचही पायऱ्या भरीव होत्या, आत भराव नाही. प्रत्येक दोन मीटर रुंद, पंधरा सेंटीमीटर उंच, पाऊल तीस सेंटीमीटरचं. तळची लादी पाच पावलं लांब, मग चार, तीन, दोन, एक. सगळी मिळून पंधरा पावलं, म्हणजे एक पूर्णांक पस्तीस घनमीटर काँक्रीट. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी धरलं की सिमेंटच्या साडेआठेक गोण्या.

गुरुवारी मामांचा फोन आला. "पोरी, उद्या न्हाई, परवा ओतू. तू शनवारीच ये."

शनिवारी गेले तर पायऱ्या तयार! वर ओलं गोणपाट, बाजूंना गिलावासुद्धा. "मिक्सर मोकळा मिळाला म्हणून उरकलं," मामा म्हणाले. "भरीव हाय, डोळं झाकून सही कर."

केलीही असती, देवाशपथ! पण रिकाम्या गोण्या भिंतीशी ठेवल्या होत्या. पाच. मी दोनदा मोजल्या.

"मामा, बाकीचं सिमेंट?"

"लागलंच न्हाई."

पहार मीच उचलली. मामा आडवे आले नाहीत, तंबाखू मळत उभे राहिले. गिलावा निघाला, मागं दगड-विटांचे तुकडे, आणि मग मुरूम भसाभसा माझ्या चपलांवर. माझं डोकंच फिरलं. लहान लेकरं चढणार होती तिथं! उद्या आतला मुरूम बसला की पायरी मधोमध मोडणार, आणि खाली माझी सही.

"फोडायला लागेल सगळं," मी म्हणाले.

"तुला मोजायला शिकवलं ते मलाच मोजायला व्हय?" ते म्हणाले.

मी विचारलं, "मुरूम भरायचाच होता तर शुक्रवारी मला का टाळलंत? याआधी माझ्या जागी असलेले साहेब ओतताना हजर असायचे. त्यांना कधी टाळलं नाहीत."

मामांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यास्नी कुठं मोजता येत होतं?"