लाल आकड्यांचं वर्ष

निवृत्तीनंतर मुलीच्या सांगण्यावरून मी म्युच्युअल फंडात पैसे घालायला लागले. ती हिंजवडीत नोकरीला, राहते माणला. बहुतेक पैसे पोस्टात आणि बँकेत ठेवले. पेन्शनमधून उरेल तो थोडा भाग दर महिन्याला फंडात जायचा. फंड ते कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतवतो आणि त्या दिवशीच्या भावाने आपल्या नावावर युनिट जमा होतात.

"आई, सात-आठ वर्षं हात लावायचा नाही," तिने बजावलं होतं.

पहिले काही महिने मोबाइलच्या ॲपमधले आकडे हिरवे होते. मग बाजार उतरायला लागला, आकडे लाल झाले. सकाळी चहा ठेवताना मोबाइल, भाजी निवडताना मोबाइल. फंडाचा भाव दिवसातून एकदाच, संध्याकाळनंतर ठरतो हे माहीत असूनही दुपारी निर्देशांक बघत बसायचे. माले गावातल्या आमच्या शेतात भाताची झोडणी चालू होती. मळणीच्या गड्यांना पाणी द्यायला गेले, तरी लक्ष पदराखालच्या फोनकडे.

नवरा वैतागला. "काढून टाक की सगळं! हितं जेवान गार व्हतंय आन् तुझा डोळा त्यातच हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निम्मे युनिट विकले. तीन वाजून गेले होते, त्यामुळे त्या दिवशीचा भाव मिळालाच नाही; दुसऱ्या दिवशीचा, आणखी खालचा मिळाला. वर्ष पुरं व्हायच्या आत काढले म्हणून फंडानेही टक्काभर कापून घेतला. पैसे खात्यात आले. वाटलं, आता झोप लागेल.

लागली नाही. आधी कधी काढू ही काळजी होती, आता परत कधी घालू ही. बाजार थोडा चढला की वाटायचं, सुटला हातातून. उतरला की वाटायचं, अजून उतरू दे. दोन महिन्यांत तो मी विकलं त्या भावाच्या पुढे गेला, आणि मी काठावरच उभी.

मुलीला फोन करून सगळं सांगितलं. रागावेल वाटलं होतं.

"दर महिन्याचा हप्ता थांबवलास का?"

"नाही. तो बँकेतून आपोआप जातो."

"मग पडत्या महिन्यांचे युनिट बघ."

बघितले. तेवढ्याच पैशांत त्या महिन्यांत जास्त युनिट आले होते. मी घाबरून विकत होते, तेव्हाच माझा हप्ता स्वस्तात घेत होता. हेच गणित कुणी कागदावर दिलं असतं, तर मी चुटकीसरशी सोडवलं असतं.

काढलेले पैसे मी एकदम न घालता हप्त्याहप्त्याने परत घातले. चढ्या भावाने काही युनिट कमीच आले, ते सोसलं. ॲपही काढून टाकलं. महिन्यातून एकदा मुलगी आली की तिच्या फोनवर बघायचं ठरलं.

वर्ष संपलं तेव्हा नफा अगदी किरकोळ होता. पुढच्याच आठवड्यात बाजार पुन्हा आपटला. बातम्यांत ऐकलं. उठले, पुन्हा बसले, मुलीचा नंबर काढला, ठेवून दिला. तासभर अंगणात येरझाऱ्या घातल्या.

पण विकलं नाही.