मेव्हण्याचं आमिष

सेझिंब्राच्या बंदरात मेव्हण्याची, अमारूची, टोपली भरली की झेफेरिनोच्या पोटात दुखायचं. खोल पाण्यातल्या एका माशाचं पोट दाबलं की पिवळा रस निघतो. त्यातले जंतू उजेड देतात. तो आमिषाला चोळला की अंधाऱ्या तळाशी मासे त्या उजेडाकडे धावतात. चोळायचे सगळेच, पण मासे लागायचे अमारूलाच.

"मेल्याच्या आमिषातच काहीतरी आहे," म्हणत झेफेरिनोनं एका पहाटे अमारूचे चोळून ठेवलेले तुकडे आपल्या बादलीत दडवले, कंदील फुंकून विझवला आणि साळसूदपणे बसून राहिला.

अमारू आला. अंधारात क्षणभर बघत उभा राहिला.

"दाजी, माझं आमिष शोधायला कंदील लावू," तो शांतपणे म्हणाला, "की तुमच्या हातांचा उजेड पुरेल?"