शिकंदरभाईची साक्ष

शिकंदर मुलाणी पस्तीस वर्षं रेल्वेत गँगमन होते. रुळाचा बोल्ट ढिला असला की शंभर पावलांवरून त्यांना दिसायचा, असं मळवलीत अजून सांगतात. निवृत्तीनंतर एका बंगल्याची राखण करतात, झाडांना पाणी घालतात, आणि वर्षातून दोनदा गावामागच्या टेकाडावर चढून रमजानचा आणि ईदचा चांद शोधतात. त्यांनी "दिसला" म्हटलं की लोणावळ्याच्या मशिदीत कुणी फारसं खोदून विचारत नसे. त्या डोळ्यांचा त्यांना गर्व होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय हे मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी एकोणतिसावा रोजा नेमका गुढीपाडव्याला आला. शिकंदरभाईंना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. कारण होतं नियाज. कोचीत कंत्राटावर वेल्डिंग करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा चार वर्षांनी ईदला घरी आला होता, पण परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं, बुधवार रात्रीचं काढून. पठ्ठ्यानं ईद बुधवारीच असं गृहीत धरलं होतं. "अरे, चांद दिसल्याबिगर ईदीचा दिवस कुनी ठरिवतं का?" म्हणून हलिमानं, त्याच्या आईनं, तिकीट काढलं त्या दिवशीच त्याला झापलं होतं. दुसरं तिकीट मिळालं नाही, सुट्टी वाढली नाही. आज चांद दिसला तर उद्या बापलेक शेजारी उभे राहून ईदची नमाज पढणार. नाही दिसला तर रोजे तीस पुरे करायचे, ईद गुरुवारी, आणि गुरुवारी नियाज गाडीत.

दिवस कलला. शेजारचे दत्तोबा गुढी उतरवत होते. काठीवरचा तांब्या काढता काढता त्यांनी हटकलं, "शिकंदरभाऊ, कशापायी टेकाड चढताय? काल राती अमावस्या संपली की. चंद्र हाय वर! आमचा पाडवा बगा, वरीसभर आदी छापून येतो."

"हाय ते मलाबी ठावं हाय दत्तोबा," शिकंदरभाई चिडून म्हणाले. "नुसता असून भागत न्हाई. डोळ्याला दिसाया पायजे."

भांडण जुनंच होतं. अमावस्येची वेळ गणितानं मिनिटापर्यंत काढता येते, ती चुकत नाही. पण काल मध्यरात्रीच्या सुमाराला ती संपली, म्हणजे सूर्यास्ताला चंद्र जेमतेम एकोणीस तासांचा. एवढा कोवळा चंद्र सूर्याला चिकटूनच असतो. सूर्य बुडाल्यावर पाऊण तासात तोही बुडतो, आणि सुरुवातीचा वेळ उजेडच त्याला खाऊन टाकतो. मधली पाच-दहा मिनिटं काय ती हाती लागतात. त्यात धूळ, ढग, डोंगराची आड. एका गावाला दिसतो, दुसऱ्याला नाही.

टेकाडावर बापलेकांनी खजूर तोंडात टाकून रोजा सोडला. पश्चिमेला गवत पेटवल्याचा धूर पसरला होता. शिकंदरभाईंनी चष्मा पुसला, घातला, काढला, परत पुसला. सूर्य बुडाला त्याच्या वर, किंचित उजवीकडे, हात लांब करून तीन बोटांच्या उंचीवर बघायचं, हे त्यांना पाठ होतं. दहा मिनिटं गेली. पंधरा. नियाज नुसता बापाच्या तोंडाकडे बघत होता, आणि तेच शिकंदरभाईंना सोसवत नव्हतं.

आणि दिसली. केसाएवढी पांढरी कोर, धुरात उमटली आणि पुसली गेली.

"नियाज! बगितलीस?"

"न्हाई अब्बा. कुटं?"

पुन्हा काही दिसलं नाही. पण शिकंदरभाई धडधडत टेकाड उतरले आणि स्कूटरवर नियाजच्या मागे बसले. साक्ष फोनवर चालत नाही, माणसानं समोर उभं राहावं लागतं.

वाटेत नियाजचा फोन वाजला. कोचीहून त्याच्या सोबत्याचा. तिकडे चांद दिसला, काझींनी जाहीर केलं, उद्या ईद. "अब्बा, तितं दिसलाय म्हंजी हितंबी आसंल की," नियाज म्हणाला.

मशिदीत पाच-सहाजण फोन घेऊन बसले होते. पुण्यात नाही, मुंबईत नाही. केरळची बातमी त्यांनाही कळली होती. मौलाना म्हणाले, "त्यांचा किनारा वेगळा, आभाळ वेगळं. त्यांनी पाहिला, त्यांची ईद खरी. आपण आपल्या बाजूच्या साक्षीवर चालायचं." रोजे सुरू करायला एका भल्या माणसाची साक्षही पुरते. महिन्याचे रोजे संपवायला मात्र, आभाळ असं धुरकट असलं तरी, निदान दोघांची लागते. एकजण आधीच बसला होता, वराळ्याचा रंगारी. त्याला काहीतरी दिसलं होतं. आता फक्त दुसरा हवा होता.

मौलानांनी शिकंदरभाईंना बाजूला घेतलं. "कुठे दिसला?"

"सूर्याच्या वर, जरा उजवीकडं."

"किती उंच?"

"तीन बोटं."

"टोकं कुठे होती?"

उत्तर शिकंदरभाईंना चाळीस वर्षांपासून माहीत होतं. चंद्राचा उजळलेला भाग सूर्याकडे असतो. सूर्य खाली, म्हणजे पोट खाली आणि टोकं वर, वाटीसारखी. एवढं म्हटलं की झालं. उद्या नियाज शेजारी उभा. हलिमाचा शिरखुर्मा सकाळी गरम गरम. पण टेकाडावर जे दिसलं ते डोळ्यांसमोर आणलं तेव्हा टोकं खाली होती. मुंबईकडे उतरणाऱ्या विमानाची धुराची रेघ असेल. नाहीतर मोतीबिंदूचा खेळ असेल. आणि चांद नसताना दिसला म्हणून सांगितलं, तर सगळ्या मावळाचा एक रोजा त्यांच्या एका शब्दानं बुडणार होता.

दारात नियाज उभा होता. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "टोकं खाली हुती. त्यो चांद नव्हं. माझ्या डोळ्यात पडदा आलाय मौलाना, फुडल्या साली मला इचारू नगा."

रंगाऱ्यालाही मग टोकं सांगता येईनात. तीस पुरे करायचं ठरलं.

घरी पोचल्यावर नियाज एवढंच म्हणाला, "माझी ईद तितंबी गेली, हितंबी गेली." ते खरंच होतं. कोचीची ईद बुधवारी, तेव्हा तो मळवलीत रोज्यानं. मळवलीची ईद गुरुवारी, तेव्हा तो गाडीत. शिकंदरभाई रात्रभर कूस बदलत राहिले. खोटं बोललो असतो तर काय झालं असतं, हा विचार त्यांना सोडेना, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

बुधवारी दुपारी ते एकदम उठले. "हलिमा, दूध आटव."

"आज? ईद उद्या हाय नव्हं?"

"आमचा दिस मगरिबला सुरू हुतो का न्हाई? आज तीस भरले. सूर्य बुडाला की चांद दिसू दे न्हाईतर न दिसू दे, ईद लागली."

पुण्याची लोकल सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी होती. तिघं मळवलीच्या फलाटावर बाकावर बसले, मध्ये स्टीलचा डबा. सूर्य गेला. अजान लोणावळ्याची ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलवर लावली. हलिमानं झाकण उघडलं आणि तिघांनी शिरखुर्म्यानंच रोजा सोडला.

"अब्बा, वर बगा," नियाज म्हणाला.

चांद चांगला वर होता, जाड आणि स्वच्छ. टोकं वर. नियाजनं उठून बापाला मिठी मारली, एकदा, दोनदा, तीनदा, ईदगाहात मारतात तशी. लोकल येईपर्यंत त्यांची ईद वीस मिनिटं होती.

लोकल गेल्यावर शिकंदरभाईंनी डावा डोळा झाकून उजव्यानं आभाळाकडे पाहिलं. काहीच दिसलं नाही. त्यांनी हलिमाला पहिल्यांदाच ते सांगितलं.