शेवटचा नग

आमच्या ऑफिसात एक घड्याळ होतं, ते कधीच खरं बोललं नाही. इतकं निर्लज्ज घड्याळ मी आजवर पाहिलेलं नाही, म्हणून त्याची हकिगत सांगताना मला अजून मजा येते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बंगळुरात जयनगरला एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. इंटरनेटवरून साड्या विकायच्या. परदेशातली लेक तिकडे बसून पसंत करणार, कार्डाने पैसे भरणार, आणि साडी इथे तिच्या आईच्या नाहीतर बहिणीच्या दारात पोचणार. कंपनीत मुंबईहून आलेले मालक, पुण्याहून आलेला प्रोग्रॅमर, आणि गिऱ्हाइकांच्या ईमेलना आणि फोनला उत्तरं देणारी मी. साड्या यायच्या चिकपेटेतून, माझ्या मामांच्या दुकानातून. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे मामांचं मराठी अर्धं कन्नडमध्ये भिजलेलं आणि त्यांचं गिऱ्हाईकही आजी, आई, नात असं उतरत आलेलं. मालकांनी त्यांचा फोटो साइटवर लावला होता. साड्यांच्या थप्पीवर हात ठेवून मामा उभे, खाली ओळ: चिकपेटेतलं जुनं, विश्वासाचं दुकान.

मालकांची एकच तक्रार होती. लोक येतात, बघतात, जातात.

"घाईच नाही कुणाला," ते म्हणाले. "घाई निर्माण करायला पाहिजे."

प्रोग्रॅमरने एका दुपारी घाई निर्माण केली. साडीच्या चित्राखाली लाल अक्षरांत 'शेवटचा एकच नग' आणि शेजारी चौकोनात उलटे पळणारे आकडे. पंधरा मिनिटांपासून सुरुवात. ही सवलत इतक्या वेळात संपणार.

"शून्यावर आल्यावर काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे साडी जाते का पानावरून?"

"कशाला जाईल? पेज पुन्हा ओपन केलं की पुन्हा पंधरा. सिंपल आहे."

"आणि शेवटचा नग?"

"ते टेक्स्ट आहे गं. सगळ्याच साड्यांखाली टाकलंय."

त्याने हे असं सांगितलं, जणू पाण्याचा नळ दुरुस्त केला होता. मला त्याचा हेवा वाटला. आम्ही मराठी मंडळाच्या नाटकात रंगमंचावर वेळ गेल्याचं दाखवायला किती खटपट करायचो, याने आठ-दहा ओळींत काळच बांधून टाकला.

विक्री वाढली. मग मालकांनी दुसरी युक्ती काढली. साडीची किंमत पहिल्या पानावर कमी दाखवायची. गिऱ्हाइकाने पत्ता लिहिला, कार्डाचा नंबर लिहिला, एकेक पान उघडायची वाट बघत जीव मेटाकुटीला आला, की अगदी शेवटच्या पानावर पॅकिंगचा आकार, हाताळणीचा आकार, आणि एका चौकोनात आधीच केलेली बरोबरची खूण: विमा. तिथवर आलेला माणूस परत फिरत नाही, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. बहुतेक फिरलेही नाहीत. ते नंतर मला लिहायचे. त्या ईमेलमध्ये राग कमी, ओशाळलेपण जास्त असायचं. भाजीवाल्याने वजनात मारलं तर माणूस भांडतो. इथे आपल्याच बोटाने बटण दाबलेलं, भांडणार कुणाशी?

हे सगळं असंच चाललं असतं, पण येलहंक्याच्या अक्कांच्या घरी लग्न निघालं.

या अक्का मामांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या सासूच्या लग्नाचा बस्ता आमच्या आजोबांनी बांधला होता, त्यांचा स्वतःचा मामांनी. आता धाकट्या लेकीचा बांधायचा होता. थोरली लेक अमेरिकेत. तिने बहिणीसाठी आमच्या साइटवरून साडी घेतली. मामांचा फोटो दिसला, शेवटचा नग दिसला, आकडे पळताना दिसले. बिचारीने धाकटीला फोन करून रंगही विचारला नाही. साडी येलहंक्याला पोचली. आणि त्याच आठवड्यात अक्का धाकटीला घेऊन बस्त्याची पहिली चक्कर मारायला चिकपेटेला आल्या. मामांच्या मागच्या फळीवर त्याच साडीची थप्पी होती.

त्या दिवशी मी दुकानातच होते, दुसऱ्या साड्यांचे फोटो घ्यायला. अक्कांनी थप्पीकडे पाहिलं, मग मामांकडे.

"अण्णा, थोरलीला ही शेवटची म्हणून दिली ना तुम्ही?"

"शेवटची? कोण म्हणालं?"

"तुमच्या फोटोच्या खाली लिहिलंय, असं ती म्हणते."

इथे कापडाच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मामांच्या दुकानात शेवटचा नग ही मिरवायची चीज नव्हतीच. शेवटचा म्हणजे उरलेला. दहा जणींनी उलगडून नाकारलेला, घडीवर ऊन खाल्लेला. असा नग दाखवताना मामा आधी सांगायचे की हा शेवटचा आहे आणि का उरला, आणि मग भाव उतरवायचे. अक्कांना हे पाठ होतं. म्हणून त्यांना दोनच अर्थ लागत होते: अण्णांनी लेकीच्या माथी उरलेला माल मारला, नाहीतर अण्णा खोटं बोलले.

"यातलं कुठलं ते सांगा, म्हणजे बरं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. तेच वाईट होतं.

"स्वल्प वेळ द्या, अक्का. मी बघून येतो."

"सरी, ठीक आहे. बघा. बस्त्याचं मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी मामा बंद गळ्याचा कोट घालून आमच्या ऑफिसचा जिना चढले. कोट ते लग्नाला नाहीतर कोर्टात जाताना घालत. खुर्ची ओढून संगणकासमोर बसले आणि मला म्हणाले, "ते घड्याळ दाखव."

मी दाखवलं. ते बघत राहिले. मालक मागे उभे, प्रोग्रॅमर शेजारी. नाटकात इतका लांब विराम घेतला असता तर प्रेक्षक उठून गेले असते. मध्येच खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंनी फोन उचलला आणि आमची इंटरनेटची लाइन तुटली.

"लाइन गेली," प्रोग्रॅमर म्हणाला.

आकडे पळतच होते.

"लाइन गेली तर हे कुणाला विचारून चाललंय?" मामा म्हणाले.

"ॲक्च्युअली, ते तुमच्या कॉम्प्युटरवरच चालतं. त्याला कनेक्शन लागत नाही."

"म्हणजे माझ्या दुकानात किती साड्या आहेत ते त्याला ठाऊक नाही."

"नाही."

"ठाऊक करून घ्यायची इच्छा?"

प्रोग्रॅमरने मालकांकडे पाहिलं. घड्याळ शून्यावर आलं आणि तिथेच थांबलं. साडी जागच्या जागी. मॉडेम पुन्हा किंचाळून जोडला गेला, पान पुन्हा उघडलं. पंधरा मिनिटं.

"छान," मामा म्हणाले. "माणसाचं आयुष्य असं करता येईल का बघा. आता मला ही साडी विका."

मी त्यांच्यातर्फे पत्ता भरला. एकेक पान करत शेवटच्या पानावर आलो.

"पॅकिंगचा आकार? पॅकिंग तर मी करतो. मला कुणी दिला नाही तो."

"तो ओव्हरऑल कॉस्टचा भाग आहे, मामा," मालक म्हणाले.

"आणि ही खूण कुणी केली?"

"ती ऑप्शनल आहे. नको असेल तर काढता येते."

"मी पानवाल्याकडे उभा आहे, त्याने माझ्या खिशात हात घातला आणि म्हणाला, नको असेल तर काढा. असंच ना?"

मालक हसले. खरं तर माणूस दिलदार होता, आम्हाला रोज दुपारी घरचं जेवण खाऊ घालायचा. "मामा, अमेरिकेत सगळेच असं करतात. आम्ही जबरदस्ती करत नाही. थोडा धक्का देतो. तुम्हीसुद्धा म्हणत असालच की, घ्या लवकर, परत मिळणार नाही."

"म्हणतो. परत मिळणार नसेल तेव्हा म्हणतो." मामांनी खुर्ची मागे सरकवली. "गिऱ्हाईक घाईत घेतं, पण आठवतं निवांत बसून. तेव्हा त्याला तुमचं घड्याळ आठवत नाही. माझं तोंड आठवतं. फोटो माझा आहे."

"मग फोटो काढतो."

"साड्याही काढा."

प्रोग्रॅमर दुपारभर मामांच्या साड्या पानांवरून काढत होता. घड्याळ तेवढं राहिलं; ते मग दुसऱ्या दुकानाच्या साड्यांखाली पळू लागलं. माझी नोकरीही राहिली. मी त्या ईमेलना उत्तरं देत राहिले, पार कंपनीच बंद पडेपर्यंत.

मामा येलहंक्याला जाऊन अक्कांना सगळं सांगून आले. यंत्राचं खोटं, नाव माझं, असं स्वच्छ सांगितलं. थोरलीची साडी परत घेऊन दुसरी द्यायची तयारी दाखवली. अक्कांना पटलं. त्या बस्त्याला आल्या. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मी त्या दिवशी मुद्दाम दुकानात जाऊन बसले, कारण असा शेवटचा अंक कोण चुकवणार?

गाद्यांवर साड्यांचा ढीग झाला. चहा आला. अक्का बोलत होत्या, हसतही होत्या. फक्त प्रत्येक साडीला विचारत होत्या, "यावर आणखी काही आकार नाही ना अण्णा?" त्यांच्या सासूने हे कधी विचारलं नव्हतं, त्यांनीही नाही. मामा प्रत्येक वेळी "नाही अक्का," म्हणत होते. आवाज तोच, पण पाचव्या-सहाव्या वेळेपासून ते त्यांच्याकडे न बघता घडी मोडत होते.

मग धाकटीचा हात वांगी रंगाच्या एका साडीवर थांबला. मोरपंखी काठ. तिने ती खांद्यावर घेतली, आरशात पाहिलं आणि काढेना.

"ही घे," मामा म्हणाले. "विणकराकडून एवढीच आली होती. काठांचा रंग त्याला पुन्हा जमला नाही. ही शेवटची आहे."

मग अक्का हसल्या. कुत्सित नाही, लाडाने हसल्या.

"अण्णा, तुमच्या घड्याळात किती मिनिटं उरली?"

मुलगीही हसली. मीही हसले, वाक्यच तसं टाकलं होतं. मामांना मात्र हसू फुटलं नाही.

"आत्ता असू दे," अक्का म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात येऊच आहोत. तेव्हा बघू."

दुसऱ्या कुणालाही मामा 'राखून ठेवतो' म्हणाले असते. पण अक्कांना तसं म्हणायचं तर ती खरंच शेवटची आहे हे पुन्हा एकदा पटवावं लागलं असतं. त्यांनी घडी घातली आणि साडी परत विक्रीच्या फळीवर ठेवली. त्याच संध्याकाळी के. आर. पुरमहून आलेल्या एका बाईंनी ती पहिल्या नजरेत उचलली.

पुढच्या आठवड्यात धाकटी आली. फळीकडे बघितलं, मग मामांकडे.

"तुम्ही सांगितलं होतंत," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," मामा म्हणाले आणि दुसऱ्या साड्या उलगडू लागले.