रेझ्युमे, सुधारणा क्रमांक चार

इंटर्नशिप संपल्याचं सर्टिफिकेट हातात पडलं त्या दिवशी आमच्या पालघरच्या कॉलेजातल्या प्लेसमेंटच्या मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं, "महिन्याच्या आत रेझ्युमे आणि पोर्टफोलिओ अपडेट करून मला दाखवायचा. नंतर म्हणाल, मॅडम, आठवत नाही."

मला हसू आलं होतं. सहा महिने बोईसरच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात घालवले होते. ते कोण विसरेल?

बाविसाव्या दिवशी लॅपटॉप उघडला आणि कळलं, मी विसरेन. कँटीनमध्ये बुधवारी काय असायचं ते आठवत होतं. मशीनवरच्या काकांची खोकण्याची पद्धत आठवत होती. पण मी काय केलं, ते मात्र "क्वालिटी विभागात मदत केली" एवढ्या एका ओळीत संपलं.

ती ओळ बाबांनी वाचली. बाबा वीजकेंद्रात देखभालीच्या कामाला होते, तीस वर्षं. तिथल्या गोपनीयतेच्या सवयीने त्यांनी घरी कामाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. आई विचारायची, "आज काय केलंत?" बाबा म्हणायचे, "ड्यूटी." त्यामुळे माझी ओळ त्यांना फार आवडली. फक्त "क्वालिटी" हा शब्द त्यांना जरा जास्तच उघड वाटला.

"हा शब्द काढ," ते म्हणाले.

"मग उरलं काय, बाबा? 'विभागात मदत केली'?"

"पुरे आहे की!"

मग त्यांनी कागदाच्या खाली तीन रकाने आखले. तयार करणार, तपासणार, मंजूर करणार. पहिल्यात मी, दुसऱ्यात ते, तिसऱ्यात आई. वर लिहिलं, सुधारणा क्रमांक शून्य. कागद कुठलाही असो, त्याला क्रमांक हवाच, असं त्यांचं म्हणणं.

आईने सही करायला साफ नकार दिला. "मी वाचल्याशिवाय सही करत नाही. तू तिथे नेमकं काय केलंस गं?"

"चिकूची खोकी बनतात तिथे. खालचं खोकं दबायचं."

"का दबायचं?"

"हवेसाठी भोकं पाडतात ना, ती कोपऱ्याजवळ होती. खोक्याचा भार मुख्यतः कोपरे पेलतात. भोकं तिथे आली की कोपरा कमकुवत होतो. मी ती बाजूच्या मधोमध सरकवायला सुचवलं."

"मग?"

"मग आधी चार खोकी रचली की खालचं बसायचं. नंतर सहा रचूनही बसलं नाही."

आई बाबांकडे वळली. "हे का लिहीत नाही ती?"

ते ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. हे सगळं मी केलं होतं, आणि आईने भांडी विसळत चार प्रश्न विचारेपर्यंत ते कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. तिथल्या तिथे लिहून काढलं. सुधारणा क्रमांक एक. बाबांनी चिकू खोडून "एक फळ" केलं. क्रमांक दोन.

पण 'हे आकडे तपासले कोणी?' असं बाबांनी विचारलं, आणि त्या बाबतीत ते बरोबर होते. आकडे मला नक्की आठवतात की मी छान रंगवते आहे, हे पडताळायला हवं होतं. शिवाय पोर्टफोलिओत दाखवायला एकही फोटो नव्हता, कारण कारखान्यात फोन काढायला बंदी. म्हणून सुपरवायझरना फोन लावला. ते उत्तर प्रदेशचे, सालवडला राहायचे.

"चार और छह, सही है," ते म्हणाले. "टेस्ट की शीट मेरे पास है. लेकिन पार्टी का नाम और ड्रॉइंग मत डालना. बाकी लिखो."

"सर, ते ईमेलवर लिहून द्याल का?"

त्यांनी दिलं, आणि पडताळलेल्या आकड्यांची सुधारणा क्रमांक तीन झाली. वर दोन जुन्या पद्धतीची आणि दोन नव्या पद्धतीची कोरी खोकी बांधून दिली, काही न छापलेली. म्हणाले, घरी दाब आणि फोटो काढ.

आता बाबांना काम मिळालं. खोकी पावसाळी हवेत दबायची, तेव्हा आपल्याकडेही दमट हवा हवी, असं म्हणून त्यांनी चारही खोकी रात्रभर बाथरूममध्ये ठेवली. सकाळी कोणाला आंघोळ करता येईना. आई दारात टॉवेल घेऊन उभी, बाबा आतून वेळ नोंदवत होते.

दहा वाजता अंगणात चाचणी सुरू झाली. जुन्या खोक्यावर पाट ठेवला आणि त्यावर बाबा बसले. काही क्षण काहीच झालं नाही. मग एक कोपरा हळूच आत गेला आणि बाबा अत्यंत सन्मानपूर्वक खाली आले. नव्यावर बसले, तर ते ढिम्म.

"फोटो काढला!" मी ओरडले.

"काढून टाक," बाबा म्हणाले. "माझा चेहरा कुठे जाता कामा नये."

त्यांचा फोटो त्यांनी स्वतः मोबाइलवरून पुसला. एक जुनं खोकं फुकट गेलं होतं, दुसरं एकच उरलं होतं.

तेवढ्यात घिवलीच्या मासेवाल्या मावशी फाटकात आल्या. टोपली खाली ठेवून त्यांनी सगळा प्रकार ऐकला. "मी बसतंय," त्या म्हणाल्या. "फोटो नोकरीसाठी हाय ना? मग टोपली पण येऊ दे."

मावशी टोपली मांडीवर घेऊन जुन्या खोक्यावरच्या पाटावर बसल्या आणि बाबांसारख्याच तिरक्या होत खाली आल्या. मग तशाच टोपलीसकट नव्यावर. खोकं जसंच्या तसं. बाबांनी लगेच त्यांच्या चेहऱ्यावर काळी पट्टी टाकायचं सुचवलं.

"मी काय चोर हाय?" मावशी म्हणाल्या. "तोंड दिसू दे."

मग बाबांनी संमतिपत्र लिहिलं. मावशींनी ते आधी आईकडून वाचून घेतलं, मग सही केली. शेवटी बाबांनी वजनकाटा आणला. मावशी उठून टोपली उचलू लागल्या.

"वजन नाय सांगणार. पापलेट घ्यायचं तर घ्या."

बाबा हवालदिल झाले. भार न लिहिता चाचणी कसली? मी म्हटलं, "तीच व्यक्ती, तीच टोपली, तोच पाट. दोन्ही खोक्यांवर भार सारखाच, मग तुलना होतेच की." बाबांनी पेन उघडलं आणि चाचणीच्या तक्त्यात लिहिलं, "भार: गोपनीय." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी क्वचित पाहिलं होतं. सुधारणा क्रमांक चार आईने मंजूर केली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मॅडमनी पोर्टफोलिओ उघडला. पहिल्या पानावर मावशी, मांडीवर टोपली. मॅडमनी खालचा तक्ता ओळीवर बोट ठेवत वाचला. मग म्हणाल्या, "भोकांचं कळलं. परवानगीचा ईमेल बरोबर ठेव. हे कोण, ते मी विचारत नाही."

महिन्याभराने पालघरमधल्या एका कंपनीत मुलाखत झाली. तिथल्या साहेबांनी फोटो दोन-तीनदा पाहिला. "यांचं वजन किती?"

"गोपनीय आहे, सर."

"करार आहे?"

"लेखी, सर."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि विचारलं, "भोकं मध्येच का?" त्याचं उत्तर मला झोपेतही आलं असतं. मला ट्रेनी म्हणून घेतलं.

ही बातमी सांगायला सुपरवायझरना फोन केला, तर ते म्हणाले, मलाही दुसरीकडे अर्ज करायचाय, रेझ्युमे बनवून दे. रविवारी सालवडच्या टपरीवर भेटलो. मी वही उघडून विचारलं, "सर, बारा वर्षांत काय काय केलंत?"

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"यही तो मुश्किल है," ते म्हणाले. "कुछ याद ही नहीं आ रहा."

मी दुसरा चहा सांगितला आणि कालपासून सुरुवात केली. काल शिफ्टला काय झालं होतं?