चौदाव्या लेव्हलचा शहाणा

प्रेमराज धुळ्याच्या देवपूरचा. पुण्यात वर्षभर राहून आला आणि तेव्हापासून त्याला खान्देशातली माणसं कमी अकलेची दिसायला लागली. जळगावात मेहरूणला, महावीरभाऊंच्या कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघं मोबाईलचे खेळ बनवतो. लेव्हल रचायचं काम त्याचं. खेळणारे काय करतात त्याच्या नोंदी बघायचं माझं.

केळीचे घड ट्रकमध्ये रचायचा खेळ होता. पैसा भाऊंचाच. त्यांनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत लोक टिकले नाहीत तर खेळ बंद आणि चौघं घरी.

सकाळी देवाचं नाव घेऊन नोंदी उघडल्या. लेव्हल सुरू केली, हरला, जिंकला, प्रत्येकाची नोंद येते. इतर लेव्हलवर हजारात वीस-तीस जण सोडून जात. चौदावीवर पाचशे ऐंशी. हरल्याची नोंद आणि मग आठवडाभर काहीच नाही. हरण्याचं कारणही लिहून येतं: वेळ संपला, तीन-चार घड बाकी.

"वेळ कमी पडतोय," मी म्हटलं. "त्यात पिकलेले घड वरच ठेवायचा नवा नियमही तिथंच घातलास."

"ताई, मी पंचवीस सेकंदांत करतो. चाळीस दिलेत. लोकच ढ."

भाऊ दुकानातल्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठाच ढ शेतस का रे? तू एकलाच हुशार?"

त्यानं लगेच मोबाईल काढून चोवीस सेकंदांत करून दाखवलं. छाती फुगली. मी त्याची बोटं बघत होते. त्याचे डोळे स्क्रीनवर नव्हतेच. आमच्या वर्गात पाढे घोकणारी मुलं असत, तीही अशीच. सतरा साते मधूनच विचारलं की गप्प.

मी घडांचा क्रम तेवढा बदलला. वेळ तोच, नियम तोच, घडही तेवढेच.

"आता कर."

हरला. पुन्हा हरला. "टचच बरोबर नाही," म्हणाला. मग "चहा घेऊन येतो" म्हणून उठला तो जेवणानंतरच उगवला.

भाऊ मला म्हणाले, "बदला."

नवा नियम तेराव्या लेव्हलवर नेला, तिथली घड्याळाची अट काढली. चौदावीला पंचावन्न सेकंद दिले. आधी निम्म्याच नव्या खेळाडूंना हे दिलं, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळावं. दहा दिवसांनी जुन्या चौदावीवर शंभरातले सत्तावन्न सोडून गेले होते, नव्यावर बारा. महिना संपायला चार दिवस होते. भाऊंनी खेळ चालू ठेवला.

प्रेमराज आता देवपुरात सांगत फिरतो, "खेळणाऱ्याची नाडी ओळखावी लागते."

ओळखो बापडा. त्या दिवशी चहाला जाताना त्यानं चाचणीचा मोबाईल सोबत नेला होता, त्याची तेव्हाची नोंद माझ्याकडे आहे. चौदावी लेव्हल: सुरू अकरा वेळा, हरला अकरा वेळा. वेळ संपला, चार घड बाकी. त्यानंतर काहीच नाही.